मुलाचा पासपोर्ट, दोघांची सही आणि कोर्टाची परवानगी

पती-पत्नी वेगळे राहू लागले म्हणून मुलावरचे दोघांपैकी कोणाचेही अधिकार आपोआप संपत नाहीत. मूल आईजवळ राहते, शाळेची फी आई भरते, वडील महिन्यातून दोनदा भेटतात, असे वर्षानुवर्षे चालले तरी कायद्याच्या नजरेत दोघेही पालकच असतात. मुलाला सांगलीहून कोल्हापूरला न्यायचे असेल तर कोणी विचारत नाही. परदेशी न्यायचे ठरले की मात्र तीन वेगवेगळ्या ठिकाणी हा प्रश्न उपस्थित होतो: पासपोर्ट कार्यालयात, व्हिसा देणाऱ्या देशाच्या वकिलातीत आणि घटस्फोटाचा किंवा ताब्याचा दावा चालू असेल तर कौटुंबिक न्यायालयात. पालकांचा गोंधळ बहुधा इथेच होतो. एका ठिकाणी काम झाले की बाकीचेही झाले, असे ते धरून चालतात. तसे नसते. हातात पासपोर्ट आला म्हणजे मुलाला देशाबाहेर नेण्याची परवानगी मिळाली असे नव्हे, आणि कोर्टाचा आदेश दाखवला म्हणून वकिलातीने व्हिसा दिलाच पाहिजे असेही नाही.

पासपोर्टचे आधी पाहू. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या अर्जासोबत ‘अनेक्शर डी’ नावाचे जाहीरपत्र द्यावे लागते. मुलाला पासपोर्ट द्यायला आपली संमती आहे, असे त्यात आई-वडील लिहून देतात. एकाची सही मिळत नसेल तर दुसऱ्याने ‘अनेक्शर सी’ भरायचे असते. दुसऱ्या पालकाची संमती का मिळालेली नाही, मूल कोणाजवळ आहे आणि पासपोर्टमुळे पुढे काही वाद उद्भवला तर त्याची जबाबदारी कोणाची, हे त्यात लिहावे लागते. पूर्वी हे कागद स्टँप पेपरवर नोटरीसमोर करावे लागत. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम बदलले आणि ही जाहीरपत्रे साध्या कागदावर चालू लागली. अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालेल, अशीही सोय तेव्हाच झाली.

म्हणजे संमतीशिवाय पासपोर्ट निघूच शकत नाही, हा समज चुकीचा आहे. उलट बाजूचा समजही तितकाच चुकीचा: ‘अनेक्शर सी’ भरले की झाले. त्यात लिहिलेली माहिती खोटी निघाली तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नवऱ्याचा ठावठिकाणा लागत नाही असे लिहायचे आणि त्याच आठवड्यात त्याने पाठवलेली पोटगी खात्यात जमा झालेली असायची, असे कागद पुढे कोर्टात निघतात. त्यातून पासपोर्ट अडकतोच, शिवाय लिहून देणाऱ्या पालकाच्या शब्दाची किंमत ताब्याच्या दाव्यातही घसरते. दावा चालू असेल तर तो चालू आहे असेच लिहावे, दाव्याचा क्रमांक द्यावा आणि ताब्याबाबत अंतरिम आदेश झालेला असेल तर त्याची प्रमाणित प्रत जोडावी.

प्रत्यक्षात अडचण येते ती दुसऱ्या पालकाने क्षेत्रीय पासपोर्ट कार्यालयाला आक्षेपाचे पत्र पाठवल्यावर. असे पत्र आले की फाइल थांबते आणि अर्जदाराला खुलासा मागणारे पत्र येते. काउंटरवर सहसा ‘कोर्टातून ऑर्डर आणा’ असे सांगतात. पण पासपोर्ट नाकारण्याची कारणे कायद्याच्या कलम ६ मध्ये दिलेली आहेत. फौजदारी खटला प्रलंबित असणे, न्यायालयाने देश सोडायला मनाई केलेली असणे, अशी ती कारणे आहेत. केवळ एका पालकाचा आक्षेप हे त्यांतले कारण नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे नेमके असेच प्रकरण आले. पुण्याच्या एका सतरा वर्षांच्या मुलीला जपानच्या अभ्यास दौऱ्यासाठी पासपोर्ट हवा होता. ती आईजवळ राहत होती आणि आई-वडिलांचा घटस्फोटाचा दावा चालू होता. वडिलांनी हरकत घेतली म्हणून पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाने अर्ज अडवला. न्यायालयाने सांगितले की परदेशी जाण्याचा हक्क संविधानाच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि आई-वडिलांच्या भांडणापायी तो मुलीकडून हिरावून घेता येणार नाही. दोन आठवड्यांत पासपोर्ट द्या, असा आदेश झाला. मुलगी सतरा वर्षांची, हुशार, आणि दौऱ्यानंतर परतणार हे उघड, या गोष्टी इथे विसरता येत नाहीत. तीन वर्षांच्या मुलासाठी एकेरी तिकीट काढलेल्या पालकाने हा निकाल आपल्याला सरसकट लागू होतो असे मानू नये.

अर्ज नुसता पडून असेल तर आधी लेखी कारण मागावे. पासपोर्ट नाकारताना कारणे नोंदवणे आणि मागितल्यास त्यांची प्रत देणे कलम ५ प्रमाणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. लेखी नकार हातात आला की कलम ११ खाली अपील करता येते किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तोंडी नकारावर यातले काहीच नीट करता येत नाही, म्हणून काउंटरवर वाद घालण्यापेक्षा एक साधे पत्र लिहून त्याची पोच घेणे जास्त उपयोगी पडते.

कधी पासपोर्ट असतो, पण तो दुसऱ्याच्या कपाटात. विभक्त झालेल्या कुटुंबांत हे सर्रास होते: सासर सोडताना दागिने, शाळेचे दाखले आणि मुलाचा पासपोर्ट मागे राहतो. अशा वेळी काही जण पासपोर्ट हरवल्याची तक्रार पोलिसांत देऊन नवा काढायला जातात. हा मार्ग वाईट. दुसरा पालक मूळ पासपोर्ट घेऊन कोर्टात उभा राहिला की हरवल्याची तक्रार खोटी ठरते आणि वर सांगितलेले कलम १२ पुढे येते. सरळ उपाय म्हणजे चालू दाव्यात अर्ज करून पासपोर्ट आपल्या हाती देण्याचा किंवा न्यायालयात जमा करण्याचा आदेश मागणे.

आणखी एक बारीक गोष्ट. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. फक्त पंधरा ते अठरा वयात दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. म्हणजे मूल सहा वर्षांचे असताना मोठ्या मिनतवारीने मिळवलेली सही अकराव्या वर्षी पुन्हा मिळवावी लागते. शिवाय अनेक देश प्रवासाच्या वेळी पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, त्यामुळे हिशेबातले शेवटचे अर्धे वर्ष वजाच धरावे. परस्परसंमतीच्या घटस्फोटात दोघे अटींचा कागद, ज्याला कोर्टात ‘कन्सेंट टर्म्स’ म्हणतात, तयार करतात. त्यात पोटगी, फ्लॅट आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या भेटी यांवर पाने भरतात, पासपोर्टवर एक ओळही नसते. मुलाचा पासपोर्ट काढणे, त्याचे नूतनीकरण आणि सुट्टीतला परदेश प्रवास यांसाठी ताबा असलेल्या पालकाला दुसऱ्याची वेगळी सही लागणार नाही, मात्र प्रवासाची माहिती इतके दिवस आधी द्यावी लागेल, अशी अट त्या कागदात आली आणि हुकूमनाम्याचा भाग झाली की पुढची बरीच वर्षे कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

पासपोर्ट मिळाल्यावर व्हिसा. शेंगेन गटातल्या देशांसाठी मुलाच्या अर्जाला दोन्ही पालकांची संमती लागते, नाहीतर एकट्याकडेच पालकत्वाचा अधिकार आहे हे दाखवणारा कोर्टाचा कागद द्यावा लागतो. इतर अनेक देशही न येणाऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतिपत्र मागतात. या पत्रात ‘माझी हरकत नाही’ एवढेच लिहिलेले असते तेव्हा ते परत येण्याची शक्यता जास्त. मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, कोणाबरोबर कोणत्या देशात जाणार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, तिथे राहण्याचा पत्ता आणि संमती देणाऱ्याचा फोन क्रमांक, एवढे त्यात हवे. सोबत संमती देणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि मुलाचा जन्मदाखला. हेच पत्र विमानतळावरही जवळ ठेवावे. भारतातून निघताना ते विचारले जाईलच असे नाही, पण उतरण्याच्या देशातला इमिग्रेशन अधिकारी एकट्या पालकाबरोबर आलेल्या मुलाबद्दल विचारू शकतो.

अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचे गणित थोडे वेगळे. पुण्या-मुंबईची अनेक कुटुंबे तिकडून परत आलेली असतात आणि मुलाकडे अमेरिकी पासपोर्ट असतो. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या त्या पासपोर्टसाठी दोन्ही पालकांची संमती लागते. एकजण हजर राहू शकत नसेल तर त्याने डीएस-३०५३ हा फॉर्म नोटरीसमोर सही करून द्यायचा असतो. आपल्या मुलाच्या नावाने पासपोर्टचा अर्ज आला तर कळवा, अशी नोंदही तिथल्या परराष्ट्र खात्याकडे पालकाला करून ठेवता येते. भारतीय नियमांतला ‘अनेक्शर सी’चा मार्ग या मुलांना उपयोगी नाही.

आता कोर्टाच्या परवानगीकडे. ती प्रत्येक प्रवासाला लागतेच असे नाही. दावा दाखल नाही, ताब्याचा आदेश नाही आणि दुसऱ्याने लेखी संमती दिली आहे, तर कोर्टात जाण्याचे कारणच उरत नाही. पण ताब्याचा अर्ज प्रलंबित असेल, भेटीचे दिवस ठरवणारा आदेश असेल, किंवा मुलाला न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेऊ नये अशी अट असेल तर परवानगी घेतल्याशिवाय तिकीट काढू नये. पालक व प्रतिपाल्य कायदा १८९० चा आहे. न्यायालयाने नेमलेल्या पालकाने त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर मुलाला नेण्यापूर्वी परवानगी घ्यावी, असे त्याच्या कलम २६ मध्येच लिहिले आहे. हा कायदा सर्व धर्मांच्या कुटुंबांना लागू होतो. हिंदू विवाह कायद्याखालच्या दाव्यात त्याच कायद्याच्या कलम २६ खाली मुलांबाबत अंतरिम आदेश मागता येतात. कलमांचा क्रमांक सारखाच असल्याने अर्जाच्या मथळ्यात कायद्याचे नाव स्पष्ट लिहिलेले बरे.

एक उदाहरण पाहू. पुण्यातली एक आई, आठ वर्षांचा मुलगा, शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा दावा चालू. अंतरिम आदेशाने मुलगा आईजवळ आणि दर महिन्याचा दुसरा व चौथा शनिवार वडिलांचा. आईला उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाला तीन आठवडे लंडनला भावाकडे न्यायचे आहे. वडिलांना तिचा भरवसा नाही. भाऊ तिथे स्थायिक आहे, त्यामुळे ती तिकडेच राहील, अशी त्यांना भीती.

या आईने अर्ज मेमध्ये केला तर तो बहुधा वाया जाईल. शाळेला सुट्टी असते तेव्हा न्यायालयांनाही उन्हाळी सुट्टी असते आणि त्या काळात तातडीचीच कामे चालतात. सहलीला तातडी म्हणणारा न्यायाधीश विरळा. अर्ज दिल्यावर समोरच्या पक्षाला नोटीस जाते, त्याला ‘से’ म्हणजे लेखी म्हणणे मांडायला तारीख मिळते, त्या तारखेला वकील मुदत मागतो, कधी प्रकरण समुपदेशकाकडे जाते, मग युक्तिवाद आणि नंतर आदेश. व्हिसाला लागणारे दिवस निराळे. म्हणून मेच्या प्रवासाचा अर्ज जानेवारीत, फार तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला व्हायला हवा.

अर्जात ‘मुलाच्या सर्वांगीण विकासासाठी’ वगैरे परिच्छेद असतात, पण न्यायाधीश ते वाचून फारसे हलत नाहीत. मूल परत येईल का, आणि या काळात दुसऱ्या पालकाचे काय बुडते, हे त्यांना पाहायचे असते. त्यामुळे वजन पडते ते कागदांचे. परतीच्या तारखेसह तिकिटाचे आरक्षण, पैसे परत मिळतील अशा प्रकारचे. भावाचा लंडनमधला पत्ता, फोन आणि त्याचे निमंत्रणपत्र. जूनमध्ये शाळा कधी सुरू होते याचा शाळेचा दाखला. आईच्या कंपनीने मंजूर केलेली ठरावीक दिवसांची रजा. तिचे पुण्यातले घर किंवा भाडेकरार. ती परत येणार हे या कागदांतून दिसते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिने स्वतःहून द्यावे. प्रवासात वडिलांचे दोन शनिवार जातात, तर जूनमध्ये चार शनिवार किंवा सुट्टीच्या आधीचा एक सलग आठवडा त्यांना द्यायची तयारी अर्जातच लिहावी. रोज भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल, असे वेळ ठरवून लिहावे. ‘सोयीनुसार बोलू देऊ’ या शब्दांवर पुढे भांडणे होतात. शेवटी हमीपत्र: अमुक तारखेला परत येईन, परतल्यापासून इतक्या दिवसांत मुलाचा पासपोर्ट न्यायालयात जमा करीन.

वडिलांच्या ‘से’मध्येही नुसता विरोध असला तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. भीती खरी असेल तर त्यांनी अटी मागाव्यात. काही रक्कम न्यायालयात अनामत ठेवणे, आईच्या एखाद्या जवळच्या नातेवाइकाने जामीन राहणे, तिकिटाची प्रत आणि पोचल्याचा निरोप, व्हिसा फक्त पर्यटनाचा घेणे, अशा अटी न्यायालये सहज घालतात. परवानगी नाकारावी असे वाटायला लावणारी लक्षणेही असतात: आईने नोकरी सोडलेली असणे, शाळेतून दाखला काढलेला असणे, घराचा करार संपवलेला असणे. अशी दोन-तीन लक्षणे एकदम दिसत असतील तर वडिलांनी अर्जाची वाट पाहत बसू नये. मुलाला देशाबाहेर नेण्यास मनाई करणारा आदेश त्यांनी मागावा आणि मिळाला की त्याची प्रत पासपोर्ट कार्यालय आणि इमिग्रेशन विभाग यांना पोचवावी. विमानतळावर मूल अडवले जाते ते लुकआउट सर्क्युलरमुळे आणि ते पोलिसांसारख्या यंत्रणेच्या विनंतीवरून किंवा न्यायालयाच्या आदेशावरून निघते. पालकाच्या नुसत्या पत्रावर निघत नाही.

कौटुंबिक न्यायालयाने सहलीला नकार दिला तर त्या हंगामी आदेशावर नेहमीचे अपील चालत नाही. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ ने अंतरिम आदेश अपिलातून वगळले आहेत. उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. जानेवारीत अर्ज करण्याचे हेही एक कारण.

तीन आठवड्यांची सहल आणि कायमचे स्थलांतर यांत न्यायालय मोठा फरक करते. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या आईला मूल बरोबर न्यायचे असेल तर मुलाची शाळा, भाषा, तिथे त्याला सांभाळणारे कोण, आणि वडिलांशी असलेली त्याची जवळीक कशी टिकणार, हे सगळे तपासले जाते. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्याच्या एका आईला नऊ वर्षांच्या मुलीसह पोलंडला जायला परवानगी दिली. आईला तिथे दोन वर्षांसाठी नोकरी मिळाली होती. मुलगी आणि नोकरी यांतले एक निवड, असे आईला सांगता येणार नाही, आणि वडिलांचा संबंधही तुटता कामा नये, या दोन्ही बाजू न्यायालयाने धरल्या. म्हणून सुट्टीत मुलीला भारतात आणणे आणि एरवी व्हिडिओवर भेट, अशा अटी आल्या. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंगापूरला बदली झालेल्या एका आईला मूल नेण्याची परवानगी दिली, तीही अशाच अटींवर.

अटी घातल्या तरी परदेशात त्या पाळून घेणार कोण, हा प्रश्न उरतो. त्यावरचा उपाय म्हणजे ‘मिरर ऑर्डर’. भारतीय न्यायालयाने घातलेल्या अटी जशाच्या तशा त्या देशातल्या न्यायालयाकडून मंजूर करून घ्यायच्या, म्हणजे तिथल्या कायद्यानेही त्या बंधनकारक होतात. हा उपाय कुठवर पुरतो हे २०२० मधल्या केनियाच्या प्रकरणातून दिसले. दिल्लीत आईजवळ वाढलेल्या मुलाचा ताबा सर्वोच्च न्यायालयाने केनियातल्या वडिलांना दिला. नैरोबीच्या उच्च न्यायालयाकडून मिरर ऑर्डर आणावी आणि एक कोटी रुपये न्यायालयात जमा करावेत, अशा अटी होत्या. मुलगा गेल्यावर वडिलांनी आदेश पाळले नाहीत आणि आईशी ठरलेली भेट होऊ दिली नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला आधीचा आदेश मागे घेतला, तो फसवून मिळवला असे नमूद केले आणि सीबीआयला कारवाई करायला सांगितले. २०२२ मध्ये वडील अवमानासाठी दोषी ठरले. मूल मात्र केनियातच होते.

यामागचे कारण असे की एका देशातून नेलेले मूल परत पाठवण्याबाबत १९८० मध्ये झालेल्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. करार केलेल्या दोन देशांत मूल नेले गेले तर त्याला मूळ देशात लवकर परत पाठवायचे आणि ताब्याचा निर्णय तिथल्या न्यायालयाने करायचा, अशी त्याची पद्धत आहे. भारतातून नेलेल्या मुलासाठी पालकाला या करारावर अवलंबून राहता येत नाही. त्याला त्या देशातल्या न्यायालयात, तिथल्या वकिलामार्फत आणि तिथल्या कायद्याने नव्याने अर्ज करावा लागतो. उलट दिशेनेही तसेच. अमेरिकेतून मूल भारतात आणले गेले तर इथले उच्च न्यायालय परदेशी आदेशाला वजन देते, पण त्याने बांधले जात नाही. मुलाचे हित कशात आहे हे स्वतः तपासते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. करारात सामील व्हावे की नाही यावर विधी आयोगाने २००९ मध्ये अहवाल दिला, २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदा निघाला, २०१८ मध्ये न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीचाही अहवाल आला. छळामुळे परदेशातून मुलासह माहेरी परतलेल्या स्त्रियांना या कराराने पुन्हा तिकडे ढकलले जाईल, हा आक्षेप त्या चर्चेत मुख्य होता. कायदा अजून झालेला नाही. त्यामुळे आज संमती देणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या पालकाला जे काही मागायचे असेल ते मूल विमानात बसण्यापूर्वी, इथल्या न्यायालयाच्या आदेशात लिहून घ्यावे लागते.